बाजूला काढलेले चारशे बारा

डिंडोलीतल्या त्या फोटो स्टुडिओत मला कामाला लागून दोन वर्षं झाली होती. शूटिंगला मी जात नसे. मागच्या खोलीत बसून आलेले फोटो निवडायचे, रंग सुधारायचे, अल्बमची पानं लावायची, हे माझं काम. एका लग्नाचे दीड-दोन हजार फोटो येतात. त्यातले अंधारे आणि जास्त उजेडाने उडालेले फोटो आधी बाजूला काढावे लागतात. तेवढ्यातच अर्धा दिवस जायचा आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं.

कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकले होते. वडील कापडाच्या लूमवर कामाला होते आणि आई घरी साड्यांना टिकल्या लावायची, त्यामुळे शिकलेलं काही तरी कामाला यावं असं मला फार वाटे. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो एकेक फोटो उघडायचा, रंग काढून टाकून तो करड्या छटांचा करायचा, आणि मग मोजायचा, पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंतच्या दोनशे छप्पन्न पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर किती ठिपके आहेत. त्या मोजणीचा जो आलेख होतो तो हिस्टोग्राम. अंधाऱ्या फोटोत सगळा ढीग डाव्या टोकाला साचतो, उडालेल्यात उजव्या. मी मर्यादा ठरवून दिली होती. उजवीकडच्या शेवटच्या पंचवीस पायऱ्यांवर चाळीस टक्क्यांहून जास्त ठिपके असले की फोटो उचलायचा आणि ‘उडालेले’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. डावीकडेही तसंच, त्याचं फोल्डर ‘अंधारे’. उरलेले ‘चांगले’.

मर्यादा मी हवेतून काढली नव्हती. आमच्याकडच्या वीसेक लग्नांवर तपासून ठरवली होती. हळद, शालू, झेंडूची तोरणं, लाल मंडप. प्रोग्रामने बाजूला काढलेला फोटो मी डोळ्यांनी बघायचे आणि दर वेळी तो खरंच वाया गेलेला निघायचा. दोन-तीन महिन्यांनी मी बघणं सोडलं. स्टुडिओचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, खूश होते. आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, “आमच्या पोरीने मशीन बनवलं आहे, खराब फोटो आपोआप फेकतं.” फेकतं हा शब्द मला आवडायचा नाही, पण मी कधी दुरुस्त केला नाही.

त्या आठवड्यात बमरोलीच्या एका लग्नाचे फोटो आले. लग्न रविवारी झालं होतं. शूट करणारा आमचा फोटोग्राफर गुजराती. हात चांगला, पण फ्लॅश जरा जोरात मारायची खोड. सोमवारी दुपारी मी प्रोग्राम चालवला. एकूण सोळाशे चाळीस फोटो. अंधारे नव्वद. उडालेले चारशे बारा.

आकडा मोठा होता. इतके कधी निघाले नव्हते. मी फोल्डर उघडून तीन फोटो बघितले. तिन्ही एकामागून एक काढलेले, जवळून फ्लॅश मारलेले, चेहऱ्यांच्या जागी नुसता पांढरा कागद. मनात म्हटलं, पुन्हा फ्लॅश. आणि फोल्डर बंद केलं.

बुधवारी सकाळी भाऊंनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, “डिस्क भरली गं. बमरोलीवाल्याचं बाजूला काढलेलं साफ करू का?”

मी दुसऱ्या अल्बमच्या पानात गुंतले होते. मान वर न करता म्हणाले, “करा.”

अकराच्या सुमाराला नवरी आणि तिचे वडील फोटो पसंत करायला आले. काका उंच, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट. नवरी माझ्याच वयाची. तिच्या हातांवर मेंदी अजून गडद होती. बोलण्यातून कळलं की ते मूळचे भुसावळकडचे. आमच्यासारखंच बौद्ध कुटुंब. मला एकदम बरं वाटलं. चहा सांगितला आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ‘चांगले’ फोल्डर लावलं.

पाहुणे आले, गळाभेटी झाल्या, निळे झेंडे दिसले, रंगीत साड्यांमधल्या बायका हसताना दिसल्या. मग एकदम जेवणाच्या पंगती. बुंदी वाढणारे हात. मग पार्किंगमधली सजवलेली गाडी. मग खुर्च्या गोळा करणारी माणसं.

“ताई,” नवरी म्हणाली, “स्टेजचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत का?”

मी मागे गेले. पुढे गेले. स्टेजचे दोन फोटो सापडले, दोन्ही दाराजवळून काढलेले. त्यात निळा पडदा मोठा आणि नवरा-नवरी बोटभर. पण त्या बोटभर आकृती मी मोठ्या करून पाहिल्या. नवरीची साडी पांढरी होती. नवरदेवाचा कुर्ता पांढरा. स्टेजच्या मागचं कापड पांढरं, त्यावर मोगऱ्याच्या आणि शेवंतीच्या पांढऱ्या माळा. बुद्धमूर्तीपुढे पांढरे हार.

माझ्या आईचं लग्नही पांढऱ्या साडीत झालं होतं. माझ्या मामेबहिणींची लग्नं तशीच झाली. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि मीच लिहिलेला नियम म्हणत होता, जास्त पांढरं म्हणजे खराब.

“आमचं लग्न कुठं आहे?” काकांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

“आत आहे, आणते,” असं म्हणून मी उठले. बाहेरच्या खोलीत भाऊ नव्या शूटचे फोटो डिस्कवर टाकत होते. पडद्यावर हिरवी पट्टी पुढे सरकत होती.

“भाऊ, ते उडालेले पुसले?”

“पुसले. कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या टोपलीतूनसुद्धा काढले. म्हणून तर जागा झाली.”

“हे थांबवा. आधी हे थांबवा.”

मी स्वतःच बटण दाबून ती पट्टी थांबवली. भाऊंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. घाबरले की ते घरच्या अहिराणीवर येतात. “काय व्हयनं?”

मी हळू आवाजात सांगितलं. पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही, त्याची जागा फक्त रिकामी धरली जाते. नवं काही त्या जागेवर लिहिलं गेलं की मात्र तो संपला. भाऊ साडेनऊपासून नवे फोटो त्याच डिस्कवर लिहीत होते. निम्म्याहून जास्त काम झालेलं होतं.

“कॅमेऱ्याची कार्डं?” मी विचारलं.

भाऊंनी कपाळावर हात मारला. दोन्ही कार्डं फोटोग्राफर सकाळीच घेऊन गेला होता. पर्वत पाटियाजवळ एका साडीच्या दुकानाचं उद्घाटन होतं. तो शूटला निघतानाच कार्डं फॉरमॅट करतो, म्हणजे तीही कोरी झालेली. पण फॉरमॅटचंही तसंच आहे, वरून नवा फोटो निघेपर्यंत जुने खाली असतात. मी फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. शूटच्या वेळी तो फोन गप्प करून खिशात ठेवतो, हे मला माहीत होतं, तरी मी चौथ्यांदा लावला. प्रत्येक रिंगला वाटायचं, आता एक फोटो निघाला, आता दुसरा.

भाऊंनी माझा दंड धरून मला दाराच्या आड नेलं. “आत जाऊन सांग, कार्ड खराब झालं. मशीनचं काही बोलू नको. लोक आपल्या दुकानात पाय ठेवणार नाहीत.”

मी आत गेले. काका पडद्यावरच्या त्या दोन बोटभर फोटोंसमोर उभे होते. नवरीने तोंडावर ओढणी धरली होती. मला भाऊंचं वाक्य म्हणायचं होतं, अगदी जिभेवर होतं. ते सोपं होतं आणि त्यात कुणाचा दोष नव्हता.

“काका, कार्ड खराब नाही,” मी म्हणाले, जणू त्यांनी विचारलंच होतं. “माझी चूक आहे. मी एक प्रोग्राम बनवला आहे, तो उजेडाने वाया गेलेले फोटो बाजूला काढतो. त्याने पांढऱ्या कपड्यांचे फोटो वाया गेलेले समजून काढले. मी नीट बघितले नाहीत. आज सकाळी ते पुसले गेले, माझ्याच सांगण्यावरून. परत मिळू शकतात, पण मला आत्ता निघायला हवं.”

नवरी रडायला लागली. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत एवढंच म्हणाले, “मग उभी कशाला आहेस? जा.”

स्कूटर काढली. ऊन डोक्यावर. पुलावर कापडाच्या ताग्यांनी भरलेल्या टेम्पोंची रांग लागलेली. हॉर्न वाजवत, फटीतून घुसत मी पुढे जात होते, आणि सगळा वेळ हिशेब चालला होता. उद्घाटनाला माणूस किती फोटो काढतो? रिबन, दिवा, नारळ, पाहुणे. मिनिटाला चार धरले तरी तासाभरात अडीचशे. नवे फोटो कार्डाच्या सुरुवातीपासून लिहिले जातात, म्हणजे लग्नाची सुरुवात आधी जाणार. कुठल्या कार्डात काय होतं, हे मला माहीत नव्हतं.

दुकान सापडलं ते फुगे आणि माणसं बघून. आत एसीचा गारवा, साड्यांचे ढीग, आणि त्या ढिगांसमोर दुकानमालकाच्या कुटुंबाला ओळीत उभं करून आमचा फोटोग्राफर म्हणत होता, “जरा हसो... एक, दो...”

“थांब!” मी ओरडले.

सगळे वळले. त्याने कॅमेरा खाली केला. “शुं थयुं, बेन?”

“कार्ड काढ. आता एकही फोटो काढू नकोस.”

त्याला काही कळलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून त्याने कॅमेरा बंद केला आणि कार्ड काढून माझ्या तळहातावर ठेवलं. एकशे चाळीस फोटो निघाले होते. “दुसरं?” मी विचारलं. त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. ते अजून लावलेलंच नव्हतं. रविवारी लग्नाचे विधी सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पहिलं कार्ड भरलं आणि त्याने दुसरं घातलं, हे त्याला नीट आठवत होतं. मी तिथेच साड्यांच्या एका गठ्ठ्यावर बसले. दुकानमालकाने पाणी दिलं. त्याचं उद्घाटन मी थांबवलं होतं, तरी दिलं. बाजूच्या दुकानातून नवं कार्ड मागवून फोटोग्राफर पुन्हा कामाला लागला.

परत आले तेव्हा मुलगी घरी गेली होती. काका गेले नव्हते. मागच्या खोलीत माझ्या खुर्चीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते.

पुसलेले फोटो शोधणारं एक सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. आधी दुसरं कार्ड लावलं. शोध संपायला पाऊण तास लागला. पंखा फिरत होता. मी नखं खात होते हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा हात मांडीखाली घेतले.

पडद्यावर फोटो उतरू लागले. पांढरी साडी. मेणबत्ती. पंचशील म्हणताना मिटलेले डोळे. काका पुढे झुकले.

दुसरं कार्ड जवळजवळ पूर्ण मिळालं. पहिल्यातून अर्धवट. डिस्कवरून काही, पण त्यातले कित्येक तुटलेले, वरचा भाग फोटो आणि खालचा सगळा सपाट करडा. नावंही उडाली होती, चार-पाच अंकी क्रमांक तेवढे उरले होते. जुन्या लग्नांचे पुसलेले फोटोही त्यांत मिसळून आले होते. तारखांवरून मी ते वेगळे केले. मग तुटलेले शोधायचे होते. करड्या पट्टीचा फोटो हिस्टोग्राममध्ये लपत नाही. आलेखाच्या बरोब्बर मध्ये एकाच पायरीवर सुळका उभा राहतो, कारण सगळे मेलेले ठिपके एकाच छटेचे असतात. तो सुळका शोधायला मी प्रोग्राममध्ये तीन ओळी बदलल्या. पण फोटो हलवायची ओळ काढून टाकली. नुसती यादी करायला सांगितली.

“का काढलंस ते?” काकांनी विचारलं. इतका वेळ ते माझ्या बोटांकडे बघत होते.

“आता त्याने काही उचलायचं नाही. फक्त दाखवायचं. बघायचं मी.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “मी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड तपासायच्या टेबलावर सव्वीस वर्षं होतो. छापील कापडाचं टेबल वेगळं, पांढऱ्याचं वेगळं. पांढऱ्या कापडावर दिवा समोरून लावला तर काहीच दिसत नाही, नुसतं चकाकतं. तो बाजूने लावावा लागतो. नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात चांगला माल काढून टाकायचा आणि डागाचा पास करायचा.”

“मग त्याचं काय करायचे?”

“काय करणार? शेजारी बसवायचं.”

मी त्यांना पडद्यावर दोन आलेख दाखवले. एक त्यांच्या मुलीच्या फोटोचा. ढीग उजवीकडेच, पण अगदी शेवटच्या पायरीच्या अलीकडे उतरलेला. म्हणजे साडी पांढरी आहे, पण तिच्या चुण्या, किनार, विणीच्या रेघा सगळं शाबूत. दुसरा, फ्लॅशने खरोखर उडालेल्या फोटोचा. त्यात शेवटच्या पायरीलाच भिंतीसारखी सरळ रेघ चिकटलेली. मोजणी शून्यापासून, म्हणून शेवटची पायरी दोनशे पंचावन्न; त्या भिंतीतले ठिपके तिच्यावर जाऊन आदळलेले, त्यांत काही उरलेलं नसतं, कितीही काळोख केला तरी नुसता राखाडी डाग मिळतो. माझ्या नियमाने शेवटच्या पंचवीस पायऱ्या एकत्र मोजल्या होत्या. उतार आणि भिंत त्याने एकच धरली.

“हं,” काका म्हणाले. “म्हणजे माप चुकलं.”

“माप लग्नं बघून लावलं होतं, काका. फक्त सगळी हळदीची.”

मला वाटलं आता रागावतील. त्यांनी खुर्ची माझ्या आणखी जवळ ओढली, आणि ते जास्त जड गेलं.

दुपारचं जेवण दोघांचंही राहिलं. भाऊ चोरासारखे आत आले, वडापावचं पुडकं ठेवून काकांना म्हणाले, “काका, माफ करा, मीच हिला खोटं सांगायला लावत होतो.” काकांनी पुडकं उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. “तुम्ही पण खा,” म्हणाले.

मग आम्ही दोघांनी एकेक फोटो बघितला. प्रोग्रामची यादी शेजारी उघडी, पण निर्णय डोळ्यांचा. चारशे बारामधले तीनशे अठ्ठ्याऐंशी परत आले. चोवीस कायमचे गेले, आणि ते गेले तेही नेमके नवरी वडिलांचा हात धरून स्टेजकडे चालत येतानाचे. फोटोग्राफरने त्या दिवशी सगळ्यांत आधी तेच टिपलं होतं, म्हणजे पहिल्या कार्डाची सुरुवात. त्या चालण्यातला एकच फोटो डिस्कवरून आला, तोही तुटलेला. काकांचा चेहरा आहे, मुलीचा आहे, खांद्यांपासून खाली करडी पट्टी. धरलेला हात त्या पट्टीत गेला होता.

मी तो फोटो बराच वेळ पडद्यावर ठेवला. “काका, हे मला कधीच भरून देता येणार नाही.”

“नाही येणार,” ते म्हणाले. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून काही जोडलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. मग म्हणाले, “वरचा भाग ठेव. पट्टी काप.”

संध्याकाळी पाचच्या सुमाराला शेवटचा ढीग उरला. तो खरोखर उडालेल्यांचा. मी भराभर पुढे जात होते, कारण यांत शंका नव्हती, भिंतच भिंत. एका फोटोवर काकांनी माझ्या मनगटाला बोट लावलं.

“थांब.”

पांढरी नऊवारी नेसलेली एक म्हातारी, बहुधा पहिल्या रांगेतली. फ्लॅश इतका जवळून लागला होता की तिचं लुगडं, मागची खुर्ची आणि अर्धा चेहरा एकच पांढरा झाला होता. काळे उरले होते ते डोळे, आणि हसताना उघडलेलं बोळकं.

“हा खरंच गेला आहे, काका,” मी म्हणाले. “यात काहीच परत येत नाही. छापला तर असाच दिसेल.”

“माझी आई आहे. फोटो काढताना ती तोंड मिटून बसते. दात नाहीत म्हणून लाजते.” ते पडद्याजवळ गेले. “हिला फोटोत हसताना पहिल्यांदा बघतोय.”

मी फोटो ‘चांगले’ फोल्डरमध्ये टाकला. काकांनी विचारलं, मोठा छापता येईल का. मी म्हणाले, येईल. मग त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, “चल, पुढचा दाखव. अजून बरेच आहेत.”